वीसच्या पुढे न जाणारी गाडी

खोपोलीच्या अलीकडे, बोरघाटाची चढण लागण्याआधी, ट्रकवाल्यांचा एक ढाबा आहे. मागच्या वर्षी मे महिन्यात कळंबोलीहून पोलादाची कॉइल भरून चाकणला निघालेली चौदा टायरची गाडी तिथे चहाला थांबली. मीटरवर दोन दिवसांपासून युरियाचा पिवळा दिवा लागलेला होता. आदल्या दिवशी संध्याकाळपासून गाडी चढाला थोडी दमत होती. ड्रायव्हरला वाटलं, माल जास्त आहे आणि ऊन आहे, म्हणून दमत असेल. चहा पिऊन त्याने किल्ली फिरवली. इंजिन नेहमीसारखं लागलं, आवाजही स्वच्छ होता. पण गाडी रस्त्यावर काढली तेव्हा काटा वीसवर जाऊन थांबला, तो काही केल्या पुढे सरकेना.

"मिस्त्री, गाडी पार बसली हो," त्याने मला फोन केला. "पाय फळीला टेकलाय, पण उचलतच नाही. समोर घाट आहे. काय करू?"

मी म्हणालो, "घाटात घालू नकोस. परत ढाब्यावर लाव, मी येतो."

कळंबोलीत माझं डिझेल गाड्यांचं वर्कशॉप आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्या आल्या. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही सगळ्यात जास्त गैरसमजाची. इंजिन धडधाकट असतं, पंप-नोझल नवे असतात, टर्बो ठीक असतो आणि तरी गाडी चालत नाही. मालक चिडतो, ड्रायव्हरवर आळ येतो, आणि एकामागून एक महागडे भाग बदलले जातात. म्हणून त्या दिवशी ढाब्यावर काय काय झालं, ते सविस्तर सांगतो.

आधी हा युरिया गाडीत कशाला असतो, ते पाहू. डिझेल इंजिनात हवा प्रचंड दाबली जाते आणि आत तापमान खूप वाढतं. त्या तापमानाला हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडं बनतात. वर्कशॉपमध्ये आम्ही त्याला नॉक्स म्हणतो. शहरातलं धुरकं आणि जमिनीलगतचा ओझोन यांत त्याचा मोठा वाटा असतो, आणि श्वासनलिकेला तो थेट त्रास देतो. बीएस-४ च्या जड गाडीला एका किलोवॅट-तासामागे साडेतीन ग्रॅम नॉक्स चालत होता. बीएस-६ मध्ये ती मर्यादा अर्ध्या ग्रॅमच्याही खाली आली. एवढी घट एकट्या इंजिनात सुधारणा करून साधणं फार अवघड. म्हणून सायलेन्सरच्या वाटेवर एक छोटा रासायनिक कारखाना बसवला गेला.

त्या कारखान्याचा कच्चा माल म्हणजे निळ्या झाकणाच्या टाकीतलं पाण्यासारखं द्रव. पंपावर त्याला डीईएफ किंवा अ‍ॅडब्लू म्हणतात, ड्रायव्हर नुसतं 'युरिया' म्हणतात. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजमुक्त पाणी असतं. टाकीतून डोझिंग पंप ते खेचतो, फिल्टरमधून गाळतो आणि दाबाने सायलेन्सरच्या पाइपवरच्या छोट्या नोझलकडे पाठवतो. नोझल त्याचे बारीक तुषार तापलेल्या धुरात सोडतं. उष्णतेने युरिया फुटून अमोनिया तयार होतो. पुढच्या डब्यातल्या जाळीदार कॅटॅलिस्टवर हा अमोनिया नॉक्सला गाठतो, आणि दोघांचं मिळून साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ होते. धूर साधारण दोनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय गाडी युरिया सोडतच नाही, कारण थंड पाइपात त्याचा अमोनिया होण्याऐवजी पांढरा खडा होतो. हे दोनशे अंश लक्षात ठेवा, पुढे त्यांचा संबंध येईल.

हा कारखाना नीट चालतोय की नाही, हे पाहायला पहारेकरी आहेत. कॅटॅलिस्टच्या आधी एक आणि नंतर एक, असे दोन नॉक्स सेन्सर असतात. पहिला सांगतो, इंजिनातून किती नॉक्स आला. दुसरा सांगतो, बाहेर किती गेला. दोन्हींतला फरक म्हणजे कारखान्याचं काम. टाकीत आणखी एक सेन्सर असतो. तो युरियाची पातळी, तापमान आणि बहुतेक नव्या गाड्यांत द्रावणाची तीव्रताही मोजतो.

आता गाडी वीसवर का अडकते? लोक याला बिघाड समजतात. प्रत्यक्षात गाडी कायद्याने सांगितलेलं काम करत असते. युरिया संपला तरी डिझेल इंजिन आरामात चालतं, फक्त धूर घाण होतो. ताकद कमी होणार नसेल तर युरियाचा खर्च कोण करणार, हा विचार नियम करणाऱ्यांनी आधीच केला होता. म्हणून युरोपच्या नियमांत आणि त्यांवर बेतलेल्या आपल्या नियमांत गाडीने टप्प्याटप्प्याने अडवणूक करावी असं ठरलं. टाकीत दहा टक्के युरिया उरला की दिवा लागतो. अडीच टक्क्यांवर आला की इंजिनाची ओढ पंचवीस टक्क्यांनी उतरते. टाकी कोरडी पडली की ताशी वीस किलोमीटर.

युरिया खराब असेल किंवा त्याचं सोडणं थांबलं असेल, तर मोजमाप तासांत होतं. दोष सापडला की दिवा लागतो. इंजिन दहा तास चाललं तरी दोष तसाच असेल तर पंचवीस टक्के ओढ जाते. वीस तास झाले की वीसचा वेग. हे घड्याळाचे तास नव्हेत, इंजिन चालू असतानाचे तास. दिवसाला दहा-बारा तास चालणाऱ्या गाडीला दिव्यापासून थांबेपर्यंत जेमतेम दोन दिवस मिळतात. ड्रायव्हरने ज्याला 'माल जास्त आहे' म्हटलं, तो दहा तासांचा टप्पा होता.

चहाचा भागही याच नियमातला आहे. भर वेगात, वाहत्या रस्त्यावर गाडी एकदम वीसवर आणणं जीवघेणं ठरेल. म्हणून हा शेवटचा टप्पा चालत्या गाडीत लागू होत नाही. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर, डिझेल भरल्यावर किंवा गाडी बराच वेळ उभी राहिल्यावर तो लागू होतो. यांतलं काय, ते गाडी बनवणारी कंपनी ठरवते. म्हणून ड्रायव्हर नेहमी सांगतात, "आत्तापर्यंत चांगली चालली होती, चहाला थांबलो आणि बसली."

मी ढाब्यावर पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. स्कॅनर लावला. पडद्यावर हा कोड होता:

```
SPN 4364  FMI 18
```

याचा अर्थ एवढाच की कॅटॅलिस्टचं काम अपेक्षेपेक्षा कमी पडतंय. कारण कोणतं, ते हा कोड सांगत नाही. इथेच बहुतेक ठिकाणी गफलत होते. गाडी फक्त एवढं म्हणते की आत आला तेवढा नॉक्स मारला गेला नाही. त्यामागे पातळ किंवा घाण युरिया असू शकतो, अर्धवट सोडणारा पंप किंवा तुंबलेलं नोझल असू शकतं, खोटं बोलणारा सेन्सर असू शकतो, किंवा मेलेला कॅटॅलिस्ट. चौघांचा कोड एकच येऊ शकतो.

या गाडीचा मागचा नॉक्स सेन्सर आठवड्यापूर्वीच दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये बदलला होता. मालकाने त्याचे अठ्ठावीस हजार मोजले होते. दिवा गेला, तीन दिवसांनी पुन्हा आला. तो गेला कारण स्कॅनरने कोड पुसला होता. परत आला कारण दोष जागच्या जागी होता. असा दोष लवकर परत आला की गाडी तासांची मोजणी पुन्हा शून्यापासून करत नाही, जिथे थांबली होती तिथून पुढे धरते. त्यामुळे दुसऱ्या वेळी सवड कमी मिळते. कोड पुसणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे मी मालकांना पुन्हा पुन्हा सांगतो.

मी इंजिन तापवून दोन्ही सेन्सरचे आकडे पाहिले. पुढचा ६५०, मागचा ४८०. म्हणजे साडेसहाशेतले एकशे सत्तर मारले गेले, कामगिरी सव्वीस टक्के. निरोगी गाडीत ती नव्वदच्या वर असते.

मग सगळ्यात स्वस्त संशयित आधी तपासला, टाकीतला युरिया. माझ्याकडे हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर असतो. काचेवर एक थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचा, आत पट्टीवर टक्के दिसतात. पट्टीने ३२ दाखवलं. टाकीतल्या सेन्सरचंही मत तेच होतं, ३२ च्या वर. दोघांनी युरियाला निर्दोष सोडलं. आधीच्या वर्कशॉपमध्येही बहुधा इथेच तपास संपला असेल आणि सेन्सरवर गुन्हा दाखल झाला असेल.

पण मी टाकीतून पारदर्शक बाटलीत अर्धा लिटर काढून घेतलं आणि उन्हात धरलं. चांगला डीईएफ पाण्याइतका नितळ दिसतो. हे ताकाच्या निवळीसारखं गढूळ होतं. बाटली हलवली तर वर फेस आला आणि तो जाईना. पाच मिनिटांनी वरच्या थरावर तेलाचा पातळ, सप्तरंगी तवंग दिसला. वास घेतला तर कडवट. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हा वास सांगावा लागत नाही. तो कडुनिंबाच्या तेलाचा वास होता.

आपल्याकडे शेतीसाठी विकला जाणारा युरिया २०१५ पासून पूर्णपणे निंबोळी तेलाचा थर दिलेला असतो. तो जमिनीत हळूहळू विरघळावा आणि कारखान्यांकडे वळवता येऊ नये, हे त्यामागचे हेतू. ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला अनुदानामुळे सुमारे २६६ रुपयांत मिळते. आता हिशोब करून पाहा. वीस लिटरच्या डीईएफच्या बादलीत सात किलोंच्या आसपास युरिया लागतो. शेतीच्या गोणीतून घेतला तर त्याची किंमत बेचाळीस रुपयांपर्यंत होते. पाणी बोअरचं. जुनी बादली, छापलेलं लेबल, आणि तो माल हायवेच्या टपरीवर नामांकित मालाच्या निम्म्या भावात विकला तरी फायदाच फायदा. या धंद्यात दोघांची लूट होते. एक तो शेतकरी, ज्याच्या हक्काची गोणी ऐन हंगामात दुकानातून गायब होते. दुसरा तो ट्रकमालक, ज्याने बादलीमागे पाच-सहाशे रुपये वाचवले असं त्याला वाटतं.

ड्रायव्हरने मान खाली घालून कबूल केलं. दहा दिवसांपूर्वी एका टपरीवरून दोन बाद्या घेतल्या होत्या. मी त्याला बोललो नाही. भाड्याच्या हिशोबातून त्याला युरियासाठी रोख पैसे मोजून मिळत होते, आणि मालकाने कधी बिल मागितलं नव्हतं.

या गोष्टीचा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबतो. रिफ्रॅक्टोमीटर आणि टाकीतला सेन्सर, दोघेही फक्त तीव्रता मोजतात. रिफ्रॅक्टोमीटर पाहतो की द्रावणातून जाताना प्रकाश किती वाकतो. टाकीतला सेन्सर बहुतेकदा द्रावणातून ध्वनिलहर किती वेगाने जाते ते पाहतो. युरियात पाणी घातलं असेल तर दोघेही पकडतील. पण प्रमाण नीट जमवलेला बनावट माल असेल, तर त्यातलं तेल, क्षार आणि धातू दोघांनाही दिसत नाहीत. डीईएफचं मानक आहे आयएसओ २२२४१. त्यात कॅल्शियमची मर्यादा किलोमागे अर्धा मिलिग्रॅम आहे. आपल्या बोअरच्या पाण्यात एका लिटरला कित्येक दहा मिलिग्रॅम कॅल्शियम सहज असतं. म्हणजे पिण्याला उत्तम असलेलं पाणीही या कामाला फार घाण. असे क्षार आणि धातू कॅटॅलिस्टच्या जाळीवर बसले की अमोनियाला बसायची जागाच उरत नाही. ते धुऊन निघत नाही. कॅटॅलिस्ट बदलायचा खर्च लाखांत जातो.

पुढचा संशयित होता डोझिंग पंप. या गाडीच्या पंपाने ओळीत ९ बार दाब धरायला हवा. स्कॅनरवर दाब सहापर्यंत चढायचा, लडबडायचा आणि पुन्हा पडायचा. मी नोझल पाइपवरून काढलं. तोंडाशी मिठाच्या ढेपेसारखा पांढरा गोळा बसलेला होता. नोझल मोजमापाच्या भांड्यात धरलं आणि स्कॅनरवरून सोडण्याची चाचणी चालवली. कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे तेवढ्या वेळात शंभर मिलिलिटर यायला हवं होतं, आलं चाळीसही नाही. तेही तुषारांत नाही, एका बाजूला वाकड्या धारेने. पंपाचा फिल्टर उघडला तर त्यावर पिवळट चिकट साय धरली होती.

दाब पडला म्हणून पंप बदलायचा सल्ला इथे सहज मिळाला असता, आणि पंप काही स्वस्त नसतो. पण फिल्टर काढून ठेवला आणि पंप क्षणभर शुद्ध पाण्यावर चालवला तेव्हा दाब थेट नऊवर गेला आणि तिथेच राहिला. पंपाचा दोष नव्हता, त्याचा गळा दाबला गेला होता. पंप खरोखर गेला असता तर स्वच्छ फिल्टरवरही दाब चढला नसता, किंवा चढून लगेच ओघळला असता. मोटरची वीज तुटली असती, तर कोड वेगळा आणि थेट पंपाच्या नावाचा आला असता.

राहिले सेन्सर. मागचा नवाच होता, पण पुढच्याचं काय? याची एक सोपी चाचणी आहे आणि तिला ते दोनशे अंश कामाला येतात. इंजिन थंड करून पुन्हा सुरू केलं. सेन्सर तापून जागे झाले, पण कॅटॅलिस्ट अजून थंड आणि युरिया सुटलेला नाही. अशा वेळी मधला कारखाना बंद असतो, म्हणून जे आत आलं तेच बाहेर जातं आणि दोन्ही सेन्सरनी जवळपास सारखं बोलायला हवं. या गाडीत दोघांत किरकोळ फरक होता. म्हणजे दोघेही खरं बोलत होते. एक शंभर आणि दुसरा तीनशे म्हणत असता, तर माझा संशय सेन्सरवर गेला असता.

सेन्सर जात नाहीत असं अजिबात नाही. ते जातात, आणि बरेच जातात. त्यांचं चिनी मातीचं टोक आठशे अंशांच्या आसपास तापवलेलं असतं. त्यावर पाण्याचा थेंब पडला तर तडा जातो. गाडी धुताना सायलेन्सरच्या कपलरवर जोराचा फवारा मारला तर आत पाणी शिरतं. युरिया स्वतःच मोठा घुसखोर आहे. कुठेही गळला की वायरच्या बाजूने सरकत कपलरमध्ये जातो, तिथे सुकून हिरवट-पांढरे खडे करतो आणि पिना खातो. म्हणून सेन्सर बदलण्याआधी कपलर उघडून पाहावा. आणखी एक गोष्ट मागच्या सेन्सरबद्दल. त्याला अमोनिया आणि नॉक्स यांतला फरक कळत नाही. नोझल गळून युरिया जास्त सुटत असेल, तर न वापरलेला अमोनिया बाहेर येतो आणि हा सेन्सर त्यालाच नॉक्स समजून आकडा वाढवतो. गाडीला वाटतं नॉक्स वाढला, म्हणून ती आणखी युरिया सोडते. अशा गाडीजवळ उभं राहिलं की डोळ्यांना झोंबतं. मिस्त्रीच्या नाकाने तेवढं टिपलं तर एक सेन्सर वाचतो.

उरलेला दिवस सफाईत गेला. टाकीतला सगळा माल काढून कॅनमध्ये भरला, नाल्यात सोडला नाही. टाकी तीनदा खनिजमुक्त पाण्याने खळखळली. नळाचं पाणी वापरलं असतं तर ज्याला हाकललं त्यालाच परत बोलावल्यासारखं झालं असतं. तळाची जाळी आणि पंपाचा फिल्टर बदलला. नोझल कोमट खनिजमुक्त पाण्यात भिजत ठेवलं. युरियाचा खडा पाण्यात विरघळतो, तो तारेने किंवा सुरीने खरवडायचा नसतो, छिद्र मोठं होतं. सीलबंद बाद्यांतला चांगला युरिया भरला. मग गाडी उभ्या जागी चढ्या आरपीएमवर चालवून सायलेन्सर तापवला, कारण पाइपात आत बसलेले जुने खडे साडेतीनशे अंशांच्या पुढेच नीट जळतात. हे करताना सायलेन्सरखाली वाळलेलं गवत नाही ना, ते आधी पाहिलं. पुन्हा भांडं लावलं तेव्हा शंभरला अठ्ठ्याण्णव मिलिलिटर आले, आणि तुषार तीन बाजूंना सारखे.

संध्याकाळी सात वाजता आकडे होते: पुढचा ६४०, मागचा ४५. कामगिरी त्र्याण्णव टक्के. गाडीने स्वतःची तपासणी पूर्ण करून अडवणूक उठवली आणि रात्री घाट चढून गेली. कॅटॅलिस्ट वाचला होता, कारण घाण माल फक्त दोन बाद्यांचा होता. सहा महिने तोच माल चालला असता, तर सगळं नवं टाकूनही सव्वीसचे त्र्याण्णव झाले नसते.

त्या दिवशी ढाब्यावर आणखी एका गाडीचा ड्रायव्हर कुतूहलाने उभा होता. तो म्हणाला, "मिस्त्री, एवढं कशाला? ती डबी लावून टाका ना." वायरिंगमध्ये बसवायच्या या डब्या 'सगळं ठीक आहे' असे खोटे संदेश गाडीला देतात, युरिया बंद होतो आणि दिवाही लागत नाही. मी ती डबी बसवत नाही, कधीच बसवली नाही. डबी लागली की गाडी कागदावर बीएस-६ आणि हवेत त्याच्या कित्येक पट घाण सोडणारी होते. तो धूर आधी ड्रायव्हर, क्लीनर आणि ढाब्यावरचा पोरगाच ओढतो. शिवाय युरिया फिरायचा थांबला की पंपात आणि नळीत तो सुकतो, मग पुन्हा कायदेशीर करायची म्हटली तर सगळंच बदलावं लागतं.

मात्र अडवणुकीच्या नियमाबद्दल ड्रायव्हरांचा राग मला पटतो. जड गाडीला भरधाव रस्त्यावर वीसच्या वेगाने रांगायला लावणं धोक्याचं आहे. अमेरिकेत पर्यावरण खात्याने ऑगस्ट २०२५ मध्ये ही अचानकची अडवणूक सौम्य करण्याच्या सूचना दिल्या. माझं मत असं की नियम राहावा, पण दिवा बोलता व्हावा. 'युरिया तपासा, आठ तास उरले' एवढं वाक्य मराठीत किंवा हिंदीत मीटरवर आलं असतं, तर तो ड्रायव्हर कळंबोलीतच थांबला असता. आत्ता त्याला दिसतं ते एक छोटं चित्र आणि इंग्रजी अक्षरं.

तोपर्यंत गाडी चालवणाऱ्यांनी आणि मालकांनी काही गोष्टी स्वतः पाळाव्यात. युरिया डिझेलच्या पाच टक्क्यांच्या आसपास लागतो, म्हणजे शंभर लिटर डिझेलला पाच लिटर. तुमच्या गाडीचा हा आकडा महिनाभर लिहून ठेवा. तो एकदम निम्म्यावर आला तर युरिया वाचत नाही, सुटत नाही, आणि दिवा लागायच्या आधीच तुम्हाला ते कळलेलं असेल. बाद्या सावलीत ठेवा. पंचवीस अंशांत दीड वर्ष टिकणारा माल पस्तीस अंशांत सहा महिनेच टिकतो, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा त्याच्याही वर जातो. डिझेलचं नरसाळं युरियाला लावू नका, तेलाचा एक थेंबही नको.

आणि एक सवय आजच सोडा. गाडी बंद केली की लगेच खाली उतरून बॅटरीचा कट-ऑफ ओढण्याची. किल्ली काढल्यावर पंप उलटा फिरून नळीतला आणि नोझलमधला युरिया टाकीत परत ओढून घेतो. तो घूंऽऽ असा बारीक आवाज एक-दोन मिनिटं येतो. मध्येच वीज तोडली तर युरिया नळीतच राहतो आणि सकाळपर्यंत त्याचा खडा होतो. आवाज थांबेपर्यंत थांबा, मग कट-ऑफ ओढा.

मालकांना एक विनंती. ड्रायव्हरला युरियासाठी रोख पैसे देऊ नका, पंपाचं बिल मागा किंवा सीलबंद बादली स्वतः गाडीत टाका. प्रत्येक नव्या बादलीतली एक पारदर्शक बाटली भरून तारीख आणि बॅच नंबर लिहून केबिनमध्ये ठेवा. दिवा लागला तर मिस्त्रीच्या हातात स्कॅनरच्या आधी ती बाटली द्या.